एकाच खोलीत काम आणि झोप: अंथरूण आणि टेबल वेगळं करण्याची रीत

वन आरकेत राहून घरूनच नोकरी करणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. संध्याकाळी खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या येतात, पण अंथरुणावर पाठ टेकली की टक्क जाग येते आणि डोक्यात उद्याची मीटिंग सुरू होते. गावी गेलं किंवा बहिणीकडे मुक्काम केला, तर मात्र पहिल्याच रात्री गाढ झोप लागते. तुमचंही असंच होत असेल, तर बिघाड बहुधा अंथरूण आणि काम एकमेकांत मिसळण्यात आहे. ज्या गादीवर मांडीवर लॅपटॉप घेऊन रोज चार-पाच तास काम केलं, ती गादी शरीराला जागं राहण्याची जागा म्हणून पाठ होते.

ही गोष्ट मानसशास्त्रात जुनी आहे. रिचर्ड बूटझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये यावर उपचाराचे साधे नियम मांडले आणि निद्रानाशाच्या उपचारात ते आजही वापरले जातात. झोप आल्यावरच अंथरुणावर जायचं. अंथरुणावर झोप आणि शरीरसंबंध सोडून दुसरं काही करायचं नाही. झोप लागत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं. सकाळी ठरलेल्या वेळीच उठायचं. दुपारी झोपायचं नाही.

आपली पंचाईत तिसऱ्या नियमाशी होते, कारण दुसरी खोलीच नाही. हा लेख त्याच अडचणीवर आहे. आम्ही दोघं पुण्यात वन आरकेत राहतो, बाहेरची खोली १० बाय १२ फुटांची आहे. बायको सकाळी नऊला बँकेत जाते. माझी शिफ्ट यूकेची. तिकडे उन्हाळा असताना ती आपल्याकडच्या दुपारी दीडला सुरू होऊन रात्री साडेदहाला संपते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की आमचं सगळं एक तास पुढे सरकतं, म्हणजे रात्रीचे साडेअकरा. ही मांडणी त्याच घरातली आहे. तुमच्या खोलीची मापं आणि कामाच्या वेळा वेगळ्या असतील, पण क्रम हाच ठेवा.

## काय काय लागेल

मोजायची टेप, चौकटीचा कागद, पेन्सिल. घडीचं टेबल करायचं ठरलं तर पाऊण इंची प्लायवूडची फळी, घडी होणाऱ्या ब्रॅकेटची जोडी, ड्रिल मशीन आणि भिंतीच्या जातीप्रमाणे प्लग. एक पडदा आणि त्याची तार. पिवळ्या उजेडाचा एक छोटा दिवा. लॅपटॉप मावेल अशी पिशवी.

घर भाड्याचं असेल तर आधी लिव्ह अँड लायसन्सचा करारनामा काढून वाचा. भिंतीला भोकं पाडण्याबद्दल त्यात बहुतेक वेळा एखादं कलम असतं. मालकांची परवानगी तोंडी घेऊ नका. "स्वयंपाकघराच्या बाजूच्या भिंतीवर चार भोकं पाडू का, जाताना बुजवून देईन" एवढा मेसेज आणि त्यावर त्यांचं उत्तर पुरतं. डिपॉझिट परत घेताना हा मेसेज कामाला येतो.

## १. खोली मापा आणि कागदावर उतरवा

हा टप्पा लोक टाळतात आणि मग टेबल आणल्यावर कपाटाचं दार उघडत नाही. एक फुटाला एक चौकट धरून खोली काढा. दार कुठल्या बाजूला उघडतं, खिडकी कुठे, प्लगचे पॉइंट कुठे आणि पंखा कुठे, हे दाखवा. मग सामानाचे कागदी तुकडे कापून त्यावर सरकवून पाहा.

आमच्या खोलीत १० फुटांच्या एका भिंतीला खिडकी आहे आणि समोरच्या भिंतीला दार. डावीकडची १२ फुटांची भिंत मोकळी, उजवीकडून स्वयंपाकघरात जायला वाट. सामानात एक लोखंडी कपाट: तीन फूट रुंद, साधारण १९ इंच खोल, साडेसहा फूट उंच. आधी ते भिंतीला पाठ लावून उभं होतं, जसं सगळ्यांच्या घरी असतं.

ते आम्ही नव्वद अंशांत फिरवलं. आता कपाटाची एक बाजू डाव्या भिंतीला टेकते आणि ते खोलीत आडवं उभं आहे, खिडकीच्या भिंतीपासून चार फुटांवर. हिशोब असा: खिडकीजवळ कामासाठी चार फूट, कपाटाची जाडी १९ इंच आणि पलीकडे सव्वासहा फूट लांबीची गादी. बेरीज ११ फूट १० इंच. दोन इंच उरले, त्यात झाडू फिरतो. कपाटाची दारं कामाच्या बाजूला उघडतात आणि पाठ अंथरुणाकडे आहे, त्यामुळे झोपलेल्या माणसाला फक्त कपाटाची सपाट पाठ दिसते.

कपाट भिंतीपासून सोडवून असं उभं केलं तर ते डुगडुगत नाही ना हे पाहा. जड सामान खालच्या खणात ठेवा, पायांखाली लाकडी पाचर घालून ते समतल करा आणि भिंतीकडची बाजू वरून एका पट्टीने भिंतीला पकडून घ्या. घरात लहान मूल असेल तर ही पट्टी लावल्याशिवाय कपाट फिरवूच नका.

## २. दोघांपैकी कोण रोज नाहीसं होणार, ते ठरवा

एका खोलीत टेबल आणि पलंग दोन्ही कायम मांडून ठेवले, तर मध्ये कितीही पडदे लावा, दिवसा पलंग खुणावतो आणि रात्री टेबल. म्हणून एकाने तरी रोज डोळ्यांआड व्हायला हवं. काम दिवसाचं आणि गादी हलकी असेल तर अंथरूण गुंडाळा. पाठदुखी, गुडघेदुखी किंवा जड पलंग असेल तर पलंग राहू द्या आणि टेबल घडी करा.

अंथरूण गुंडाळणं आपल्याला नवं नाही. गिरणगावातल्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत अख्खं कुटुंब राहायचं, ते सकाळी वळकट्या रचून ठेवण्याच्या जोरावरच. सोफा-कम-बेडपेक्षा मला ही रीत जास्त पटते. सोफा-कम-बेड दिवसा सोफा म्हणून समोर राहतो आणि दुपारी तीनला त्यावर लॅपटॉप घेऊन बसण्याचा मोह होतोच. शिवाय आठवडाभरात तो उघडून-मिटून कंटाळा येतो आणि कायमचा उघडाच राहतो.

गादी मात्र गुंडाळण्याजोगी हवी. सहा इंची फोमची गादी रोज गुंडाळता येत नाही. तीन घड्यांची फोमची किंवा तीन-चार इंचांची कापसाची गादी चालते. उठल्या उठल्या गुंडाळू नका. रात्रभराचा घाम आणि ओल आत राहते, पावसाळ्यात तर तीन-चार दिवसांत कुबट वास सुटतो. चहा होईपर्यंत गादी उलटी करून भिंतीला उभी टेकवा, पंखा लावा, मग गुंडाळा. जमिनीवर थेट गादी टाकत असाल तर खाली चटई किंवा लाकडी फळ्यांची जाळी हवी. नाहीतर खालच्या बाजूला काळे ठिपके दिसू लागतात. ती बुरशी असते.

आमच्याकडे दोन्ही गोष्टी होतात, कारण वेळा एकमेकांवर चढतात. सकाळी अंथरूण जातं, रात्री टेबल मिटतं. मधल्या वेळेचं काय करतो ते सहाव्या टप्प्यात येईल.

## ३. टेबल: लहान, पण खरंखुरं

"गादीवर ठेवायचं छोटं टेबल" बाजारात सर्रास मिळतं. ते घेऊ नका. अंथरुणातच काम करता यावं म्हणून ते बनवलेलं असतं, म्हणजे जे आपल्याला मोडायचं आहे नेमकं तेच.

भिंतीला लावायची घडीची फळी सगळ्यात कमी जागा खाते. तीन फूट लांब आणि दीड फूट खोल फळी एका लॅपटॉपला आणि वहीला पुरते. वेगळा कीबोर्ड वापरत असाल तर फळीची खोली २० इंच घ्या. उंचीसाठी सुताराचं ठरीव माप मान्य करू नका. तुम्ही वापरणार त्याच खुर्चीत बसा, खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात वाकवा आणि कोपरापासून जमिनीपर्यंत माप घ्या. फळीचा वरचा पृष्ठभाग त्या उंचीला हवा. ठरीव टेबलं बहुधा ३० इंचांची असतात आणि उंची कमी असणाऱ्यांचे खांदे त्यावर दिवसभर उचललेले राहतात. लॅपटॉपखाली जाड पुस्तकं ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा आणि कीबोर्ड वेगळा जोडा.

भोक पाडण्याआधी भिंत वाजवून पाहा. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत नेहमीचे प्लग धरतात. नव्या इमारतींत आतल्या भिंती पुष्कळदा हलक्या, राखाडी-पांढऱ्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या असतात. ड्रिल लावल्यावर लाल विटेऐवजी पांढरट, पिठासारखी भुकटी खूप सहज निघाली आणि भिंतीत कुठे कठीण थर लागलाच नाही, तर ओळखा. त्यात साधा प्लग काही दिवसांत सैल होतो आणि फळी लॅपटॉपसकट खाली येते. हार्डवेअरच्या दुकानात त्या ठोकळ्यांसाठीचे वेगळे, लांब प्लग मागा. मालक भोकंच पाडू देत नसतील तर घडीच्या पायांचं टेबल घ्या आणि रात्री ते कपाटामागे उभं करा.

खुर्चीवर खर्च करा, बाकी कशावर कमी केला तरी चालेल. खुर्चीत कंबर दुखायला लागली की माणूस आपोआप गादीकडे सरकतो आणि सगळी मांडणी तिथेच मोडते.

## ४. तोंड कुठे, पाठ कुठे

दोन कसोट्या आहेत. टेबलाशी बसल्यावर अंथरूण दिसता कामा नये, आणि अंथरुणावर पडल्यावर दोन्ही कुशींवरून टेबल दिसता कामा नये. प्रत्यक्ष पडून पाहा, उभ्याने अंदाज चुकतो.

आमच्याकडे टेबल डाव्या भिंतीवर आहे, त्यामुळे खिडकी उजव्या हाताला येते. उजेड बाजूने मिळतो, लॅपटॉपच्या पडद्यावर चमक येत नाही आणि कॅमेऱ्यात तोंड काळं दिसत नाही. दिवसा खिडकीजवळ बसण्याचा झोपेलाही फायदा असतो. दिवसाचा भरपूर उजेड डोळ्यांत गेला की शरीराचं घड्याळ ठिकाणावर राहतं. बंद खोलीत ट्यूबलाइटखाली दिवस काढला की दिवस आणि रात्र यांतला फरकच पुसट होतो.

कपाट तीन फूट आडवं येतं, पुढे सात फूट मोकळे राहतात. तिथे पडदा आहे. एवढ्या लांबीला स्प्रिंगचा अडकवायचा रॉड मध्ये झोळ खातो, म्हणून तार घ्या आणि ती मधून एकदा छताच्या हुकाला आधार देऊन ताणा. पडदा पंख्याच्या पात्यांपासून लांब हवा आणि पंखा झोपणाऱ्यांच्या बाजूला राहायला हवा, नाहीतर मे महिन्यात पडदा आपोआप उघडाच राहील. कापड गडद आणि जड असावं.

## ५. दिवे दोन, कामं दोन

खोलीत एकच पांढरी ट्यूब असेल, तर काम संपल्यानंतरही डोळ्यांच्या लेखी ऑफिस चालूच राहतं. रात्री तेजस्वी, निळसर पांढऱ्या उजेडाने मेलाटोनिन हे झोपेच्या वेळेचं संप्रेरक दबून राहतं. म्हणून कामाची ट्यूब आणि रात्रीचा दिवा वेगळे ठेवा. रात्रीच्या दिव्यासाठी खोक्यावर २७०० के किंवा ३००० के लिहिलेला, तीन ते पाच वॉटचा एलईडी बल्ब घ्या. ६५०० के लिहिलेला बल्ब पांढरा ट्यूबसारखा असतो. दिवा खाली, कमरेच्या उंचीला ठेवा आणि भिंतीकडे वळवा.

राउटरचे आणि एक्स्टेंशन बोर्डाचे लुकलुकणारे दिवे काळ्या चिकटपट्टीने झाका. राउटरची हवा जायची भोकं मात्र मोकळी ठेवा.

## ६. काम बंद करण्याची वेळ

ऑफिसात काम करणाऱ्याला घरी येईपर्यंतचा लोकलचा किंवा बसचा तास मिळतो, त्यात डोकं थोडं रिकामं होतं. घरून काम करणाऱ्याच्या खुर्चीपासून गादी चार पावलांवर असते. तो तास मुद्दाम तयार करावा लागतो.

शेवटची पंधरा मिनिटं कामाची धरू नका. त्यातली पहिली पाच मिनिटं कागदावर उद्याची यादी लिहा, जितकी बारीक तितकी चांगली. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान प्रयोगात झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली होती. मी ती काम संपतानाच लिहितो, म्हणजे यादीचा कागद अंथरुणाजवळ येत नाही. मग लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, दोन्ही पिशवीत घालून कपाटात ठेवायचं. नुसतं झाकण मिटून टेबलावर ठेवलेला लॅपटॉप फार लवकर परत उघडला जातो. फोनवरच्या ऑफिस चॅटच्या सूचना तेव्हाच बंद करा. फळी मिटवा, ट्यूब घालवा, पिवळा दिवा लावा.

यानंतर निदान तासभर झोपायला जाऊ नका. मी शिफ्ट संपली की जिन्यावरून खाली उतरतो, सोसायटीला दोन फेऱ्या मारतो, हातपाय धुतो. म्हणजे उन्हाळ्यात बारा आणि हिवाळ्यात साडेबारा-एक. उठायची वेळ मात्र दोन्ही ऋतूंत तीच, सकाळी आठ. हिवाळ्यात झोप थोडी कमी पडते, पण उठण्याची वेळ पुढे ढकलली की रात्रीची आणखी पुढे जाते.

आता वेळा एकमेकांवर चढतात त्याचं. बायको साडेदहाला आडवी होते आणि हिवाळ्यात माझी शेवटची कॉल तेव्हा सुरू असते. पडद्याने उजेड अडतो, आवाज अडत नाही. म्हणून रात्री दहानंतरची प्रत्येक कॉल मी स्वयंपाकघरात, ओट्याशी उभा राहून घेतो. ओटा साधारण ३३ इंचांचा असतो, उभ्याने टायपिंगला खालीच पडतो, म्हणून लॅपटॉपखाली पोळ्यांचा मोठा डबा पालथा घालतो. लिहिण्याचं काम दहाच्या आत उरकायचं आणि नंतर फक्त बोलायचं, असं ठरवून घेतलं तर हे जमतं. दहानंतर चहा-कॉफी नाही, खरं तर संध्याकाळी सहानंतरच नाही. कॉफीतल्या कॅफीनपैकी निम्मं अंगातून जायला साधारण पाच तास लागतात.

## ७. झोप लागली नाही तर जायचं कुठे

बूटझिन यांच्या नियमातल्या दुसऱ्या खोलीऐवजी एक तिसरी जागा ठरवा. ती अंथरूणही नको आणि टेबलही नको. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून एक पाट आणि उशी ठेवलेली असते, शेजारी तो पिवळा दिवा. गॅलरी असेल तर उत्तमच. जिना किंवा गच्ची नको, तिथे जाताना पूर्ण जाग येते.

अंदाजे वीस मिनिटं झोप लागली नाही असं वाटलं की उठून तिथे बसा. घड्याळ पाहायचं नाही, अंदाजच पुरे. फोन अंथरुणाच्या बाजूलाच, हाताला येणार नाही असा राहू दे. तिथे काहीतरी बेताचं कंटाळवाणं करा: लसूण सोला, शेंगदाणे निवडा, जुना दिवाळी अंक चाळा. डोळे मिटायला लागले की परत अंथरुणावर. पुन्हा झोप नाही आली तर पुन्हा उठा.

इथे दोन सापळे आहेत. पहिला, कामाची खुर्ची मोकळी आहे म्हणून तिच्यावर जाऊन बसणं. दहा मिनिटांत मेल उघडली जाते. दुसरा, पाटावरच झोपून जाणं. तसं झालं तर शरीर पाटाला झोपेशी जोडेल, गादी तशीच राहील.

सुरुवातीच्या रात्री झोप कमीच मिळते, कारण तुम्ही सारखे उठत असता. म्हणून ऑफिसात कामाची घाई असेल त्या आठवड्यात हे सुरू करू नका आणि त्या दिवसांत दुचाकी जपून चालवा. परिणाम जोखायला दोन-तीन आठवडे द्या. दर सकाळी वहीत एक ओळ लिहा: कधी आडवे झालात, अंदाजे कधी लागली, कितीदा उठलात, कधी उठलात. पाटावर जाण्याची वेळ आठवड्यागणिक कमी येते का, हे त्यातून दिसतं.

म्हातारी माणसं, चक्कर येणारे किंवा रात्री तोल जाणारे यांनी वारंवार उठण्याचा हा प्रकार करू नये. त्यांनी अंथरुणातच उठून, भिंतीला टेकून बसावं.

## ८. मांडणी मोडते तेव्हा

पाहुणे आले की कपाटामागची झोपायची बाजू त्यांना जाते आणि टेबलापुढे आमची गादी पडते. दोन दिवस चालू द्या, तेवढ्याने काही बिघडत नाही. आजारपणात मात्र "जरा पडून मेल बघतो" करू नका. ताप असेल तर रजा टाका. रजा नसेल तर अर्धा तास टेबलाशी बसा आणि पुन्हा झोपा.

शनिवार-रविवारी सिनेमा बघायचा तरी गादी पसरण्याआधी बघा. आमच्याकडे वळकटीला टेकून बघतात, ते चालतं.

एवढं करूनही आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नसेल आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल, तर डॉक्टरांना दाखवा, तेव्हा ती झोपेची वही सोबत न्या. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकून दचकून जाग येणं, किंवा सात-आठ तास झोपूनही दिवसा पेंग येणं असेल, तर तीन महिने वाट पाहू नका. ती श्वासाची तक्रार असू शकते आणि टेबल हलवून ती जात नाही.

खोली सोडताना प्लग पक्कडीने ओढून काढा, भोकांत पुट्टी भरा, वाळल्यावर पॉलिश पेपर फिरवा आणि फोटो काढून मालकांना पाठवा.